पोर वाढवलं म्हणजे दत्तक झालं असं नाही: तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

मी सांगलीत वकिली करतो, आणि दत्तकाचे कागद घेऊन येणारी बरीच मंडळी एकच वाक्य बोलतात, "पोरगा लहानपणापासून आमच्याकडंच हाय की." त्या वाक्यात कायद्याचं काय आहे आणि काय नाही हे या प्रकरणात नीट दिसतं म्हणून सविस्तर लिहितोय. नावं घातलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि घरच्यांना विचारून लिहितोय. दुसरं म्हणजे इथला कायदा हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा 1956, तो हिंदू, जैन, बौद्ध, शीख यांना लागू होतो, मुस्लिम किंवा ख्रिश्चन घरात यातलं काही तसंच्या तसं लावू नका.

## पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातलं गाव, द्राक्षबागा, दोन भाऊ आणि एक बहीण. थोरले आण्णा पोस्टात नोकरीला, धाकटे तात्या शेती बघणारे, बहीण आक्का मिरज तालुक्यात दिलेली, तिचं लग्न 1989 चं. वडील वारल्यावर 1998 साली दोघा भावांनी रजिस्टर वाटणीपत्र करून प्रत्येकी तीन एकर घेतलं, आक्कानं त्यावेळी हक्कसोडपत्र करून दिलं, आपल्याकडं बहिणी देतात तसं, साडी-चोळी घेऊन. नंतर आण्णांनी स्वतःच्या पगारातून दोन एकर बाग विकत घेतली आणि सांगलीत छोटं घर बांधलं.

आण्णा आणि काकींना मूल झालं नाही. तात्यांना दोन मुलगे, त्यातला धाकटा, त्याला बाळू म्हणू, 2009 चा जन्म. बालवाडीच्या वयात तो काकींच्याकडं राहायला आला तो तिथंच राहिला. घरं एकाच वस्तीवर, मध्ये एक गोठा, त्यामुळं तो 'दिला' असं कुणाला वाटलंच नाही, तो नुसता तिकडं झोपायला लागला, मग जेवायला, मग शाळेची फी आण्णा भरायला लागले. आण्णा लोकांना सांगायचे हा माझाच. पण शाळेत वडिलांचं नाव तात्यांचं, आधारला तात्यांचं, रेशनकार्डावर तो तात्यांच्या कुटुंबात. कागद करायचा विषय दोन-तीनदा निघाला आणि दरवेळी आण्णा म्हणाले आता काय घाई हाय.

2019 साली आण्णा हार्ट अटॅकनं गेले. मृत्युपत्र नव्हतं.

## अडचण कुठं सुरू झाली

आण्णा गेल्यावर तलाठ्याकडं वारस नोंद झाली आणि त्यात एकच नाव लागलं, काकींचं. गावात बऱ्याच जणांना हे चुकलंय असं वाटलं पण ते बरोबर होतं. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलं, आई वगैरे, त्यातलं एक जरी माणूस हयात असलं तरी भाऊ-बहिणीपर्यंत मिळकत जातच नाही. आण्णांची आई आधीच गेलेली, मूल नाही, म्हणजे पाचही एकर आणि घर एकट्या काकींचं, पूर्ण मालकीचं.

बाळूला काहीच नाही. जो पोरगा आण्णांच्या चितेला अग्नी देऊन आला त्याचं सातबाऱ्यावर नाव नाही, कारण कायद्याच्या लेखी तो पुतण्या.

चार वर्षं तसंच चाललं. 2023 मध्ये काकींना ऑपरेशन करावं लागलं आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की आपण गेलो तर काय. त्याचं उत्तर त्यांना धक्का देणारं होतं. मूलबाळ नसलेल्या बाईला नवऱ्याकडून वारसानं आलेली मिळकत ती मृत्युपत्र न करता गेली तर नवऱ्याच्या वारसांकडं जाते, म्हणजे इथं तात्या आणि आक्का, निम्मं-निम्मं. बाळूचा त्यात थेट संबंधच नाही. आक्काला हे कुणीतरी आधीच सांगितलेलं असावं कारण काकी दवाखान्यात असताना तिच्या मुलानं दोनदा बागेची चौकशी केली होती.

काकी, तात्या आणि तात्यांचा थोरला मुलगा असे तिघं माझ्याकडं आले ते ऑगस्टमध्ये. बाळू साडेचौदा वर्षांचा, नववीत.

## कुठले पर्याय होते

पहिला पर्याय ते घरूनच ठरवून आले होते. गावातल्या एका जाणत्या माणसानं सांगितलेलं की आण्णांनीच 2013 ला दत्तक घेतलं होतं असं प्रतिज्ञापत्र करा, पाच माणसं सह्या करतील, मग बाळूला आण्णांच्या मिळकतीत थेट निम्मा हिस्सा लागेल. हिशोब बरोबर होता, आण्णांनी खरंच दत्तक घेतलं असतं तर 2019 ला काकी आणि बाळू दोघं निम्म्या-निम्म्याचे मालक झाले असते. पण तसं घडलेलंच नव्हतं. कायद्यात दत्तक होतं ते एका ठरावीक कृतीनं, जन्मदात्यानं मूल द्यायचं आणि दत्तक घेणाऱ्यानं ते घ्यायचं, दत्तक देतोय-घेतोय या हेतूनं, चार माणसांदेखत. दत्तहोम हा धार्मिक विधी नाही केला तरी चालतो, देणं-घेणं मात्र झालंच पाहिजे. सांभाळणं, फी भरणं, 'माझाच पोरगा' म्हणणं याची बेरीज कितीही केली तरी दत्तक होत नाही. मी काकींना विचारलं, "काकी, मांडीवर कधी दिला? कुठल्या दिवशी?" त्या तात्यांच्याकडं बघायला लागल्या. "तसं काय केलंच न्हाई ओ साहेब, तो आलाच आपला." खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा तर आहेच, पण समजा केलंच असतं तर समोर शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड सगळं उलट बोलणारं, आणि आक्कानं दावा टाकला असता तर पहिल्याच उलटतपासणीत ते कोसळलं असतं आणि मग पुढं खरं दत्तकपत्र केलं असतं त्यावरही संशय आला असता. त्यामुळं हा पर्याय मी तिथंच बंद केला.

दुसरा पर्याय मृत्युपत्र. स्वस्त, सोपा, काकी सगळं बाळूला लिहून देऊ शकतात, पुतण्या म्हणूनच, दत्तकाची गरज नाही. फक्त मिळकतीचाच प्रश्न असता तर मी हेच सुचवलं असतं आणि आजही बऱ्याच लोकांना हेच सांगतो. पण काकींना मिळकतीच्या पलीकडचं हवं होतं, त्यांना तो मुलगा कागदावर मुलगा हवा होता. शिवाय मृत्युपत्र कधीही बदलता येतं म्हणून तात्यांना त्याचा भरवसा नव्हता.

तिसरा, बक्षीसपत्र. हे लगेच लागू होतं आणि एकदा झालं की सहसा मागं घेता येत नाही. पण पुतण्याला जमीन बक्षीस दिली तर स्टॅम्प ड्युटी बाजारभावावर पूर्ण लागते, मुलाला दिली तर महाराष्ट्रात शेतजमीन आणि राहत्या घरासाठी 200 रुपये स्टॅम्पची सवलत आहे, सेस आणि नोंदणी फी वेगळी. म्हणजे आधी दत्तक आणि मग बक्षीस हा क्रम पैशाच्या दृष्टीनं फार फरक पाडणारा होता.

चौथा, काकींनी आत्ता स्वतः दत्तक घ्यायचं. विधवा बाईला हा हक्क 1956 पासून आहे, कुणाची परवानगी लागत नाही. अटी बघितल्या: मुलगा दत्तक घेताना हयात मुलगा, नातू, पणतू नको, इथं नाही. बाई मुलगा दत्तक घेत असेल तर दोघांच्यात किमान 21 वर्षांचं अंतर पाहिजे, इथं चाळीसच्या वर. मुलगा अविवाहित आणि 15 वर्षं पूर्ण न झालेला पाहिजे, इथं साडेचौदा. नात्यातलं हिंदू दत्तक असल्यामुळं कारा या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या ऑनलाइन प्रक्रियेत किंवा कलेक्टरच्या आदेशात जायची गरज नव्हती, तो रस्ता बाल न्याय कायद्याचा आहे आणि त्या कायद्यातच म्हटलंय की हिंदू दत्तक कायद्यानं होणाऱ्या दत्तकाला तो लागू नाही.

वयाबद्दल एक सांगतो. जुन्या मुंबई राज्याच्या भागात कुठल्याही वयाचा माणूस दत्तक घ्यायची रूढी आहे आणि सुप्रीम कोर्टानं 1991 च्या एका निकालात ती मान्य केलीय, त्यामुळं आपल्याकडं पंधरा उलटली म्हणजे सगळं संपलं असं नाही. तरीही मी घाई करायला लावली. पंधराच्या आत केलं तर रूढीचा मुद्दाच कुणाला काढता येत नाही, आणि ज्या घरात एक नणंद नाराज आहे तिथं असा एक मुद्दासुद्धा शिल्लक ठेवू नये.

## दत्तकानं नेमकं काय होणार, आणि काय नाही

इथं दोन बैठका गेल्या कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं होतं.

तात्यांच्या थोरल्या मुलाचं म्हणणं, दत्तक झालं की बाळूला आण्णांच्या मिळकतीत निम्मा वाटा लागला. नाही लागत. दत्तकाचा परिणाम दत्तकाच्या तारखेपासून पुढं चालतो, मागं जात नाही. विधवेनं घेतलेला मुलगा तिच्या मेलेल्या नवऱ्याचाही मुलगा ठरतो, हे सुप्रीम कोर्टानं 1967 मध्येच सांगितलंय, म्हणून बाळूच्या नावापुढं आण्णांचं नाव लागू शकतं. पण दत्तकाआधी जी मिळकत दुसऱ्या कुणाची झालेली आहे ती दत्तक मुलामुळं त्याच्याकडून काढून घेता येत नाही असं दत्तक कायद्याच्या कलम 12 मध्ये स्पष्ट आहे. पाच एकर 2019 लाच काकींचं झालं होतं, ते त्यांचंच राहणार. बाळूला मिळणार ती जागा मुलाची, म्हणजे काकी मृत्युपत्राशिवाय गेल्या तर तो एकटा वारस.

आणि काकी जिवंत आहेत तोपर्यंत त्या विकू शकतात, गहाण ठेवू शकतात, मृत्युपत्रानं दुसऱ्याला देऊ शकतात. दत्तक घेतलं म्हणून घेणाऱ्याचे हात बांधले जात नाहीत. कलम 13 मध्ये एक वाट ठेवलेली आहे, की दोन्ही बाजूंनी तसा करार केला तर बांधता येतात. तात्यांनी ते ऐकल्याबरोबर म्हणाले मग घाला ते कलम. काकी एकदम म्हणाल्या, "तात्या भावजी, उद्या मला दवाखान्याला पैसे लागलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" तात्या गप्प बसले. काकींचं ते म्हणणं रास्त होतं, आणि सत्तरीकडं निघालेल्या कुठल्याही बाईला मी स्वतःची मिळकत अशी बांधून टाकायला सांगणार नाही.

आता दुसरी बाजू, जी लोक विसरतात. दत्तक म्हणजे जन्मघरातलं नातं कायद्यानं तुटणं. तात्या उद्या मृत्युपत्राशिवाय गेले तर बाळू त्यांचा वारस नाही. तात्यांच्या तीन एकरात, जी वडिलोपार्जित आहेत, त्याचा जन्मानं जो हक्क होता तोही वाटणी न होता दत्तक गेल्यावर संपतो, मुंबई हायकोर्टानं 1992 साली अशाच प्रकरणात तसं ठरवलंय. उलट दत्तकाआधी वाटणी होऊन त्याचा हिस्सा त्याच्या नावावर लागलेला असेल तर तो हिस्सा तो बरोबर घेऊन जातो. एकच मिळकत, एकच मुलगा, पण आधी काय केलं आणि नंतर काय केलं यावर तीन एकरातला त्याचा वाटा राहतो किंवा जातो.

जन्मघराशी कायद्यानं एकच गोष्ट टिकते, लग्नाची बंदी. ज्यांच्याशी रक्ताच्या नात्यामुळं लग्न होऊ शकत नव्हतं त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही होत नाही.

## सगळ्यात अवघड निर्णय

तो बाळूच्या आईचा, म्हणजे वैनींचा होता आणि तिला पहिल्या दोन बैठकांना कुणी आणलंच नव्हतं.

2010 च्या दुरुस्तीनंतर मूल दत्तक द्यायचा हक्क आई आणि वडील दोघांना सारखा आहे आणि एकानं दिलं तर दुसऱ्याची संमती लागतेच. ही संमती म्हणजे कार्यक्रमाला हजर असणं नव्हे. दत्तक घेणाऱ्याच्या बायकोच्या संमतीबद्दल सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये हेच म्हटलं की समारंभात ती बाजूला बसलेली होती याचा अर्थ तिनं होकार दिला असा होत नाही. आईच्या बाबतीत तर मला ते आणखी खरं वाटतं. म्हणून मी तात्यांना सांगितलं वैनींना घेऊन या आणि तुम्ही बाहेर बसा.

वैनींनी तीनच प्रश्न विचारले आणि ते तिन्ही अगदी नेमके होते. पहिला, "उद्या जाऊबाईंशी माझं पटलं न्हाई तर पोराला परत आणता येईल का?" नाही. एकदा कायदेशीर दत्तक झालं की ते कुणालाच रद्द करता येत नाही, घेणाऱ्याला नाही, देणाऱ्याला नाही, मुलालाही ते झिडकारून जन्मघरात परत येता येत नाही. पालकत्व काकींचं, शाळा कुठली, दवाखान्यात सही कुणाची, पासपोर्टला संमती कुणाची, सगळं काकींचं. दुसरा, "आम्ही म्हातारं झाल्यावर?" कायद्यानं बाळूची जबाबदारी काकींना सांभाळायची, तात्या-वैनींची नाही, या कायद्याखाली त्यांना त्याच्याकडं पोटगी मागता येणार नाही. तिसरा प्रश्न ऐकून मला थांबावं लागलं: "जाऊबाई तो अठराचा व्हायच्या आधीच गेल्या तर माझं लेकरू कुणाचं?"

हा प्रश्न फार वकीलही विचारत नाहीत. उत्तर असं की जन्मदात्यांचं पालकत्व आपोआप परत येत नाही, जिल्हा कोर्टात पालक नेमून घ्यायला अर्ज करावा लागेल आणि कोर्ट मुलाचं हित बघून ठरवेल. पण विधवा आईला मृत्युपत्रानं आपल्या अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या मुलाचा पालक नेमता येतो. म्हणजे काकींनी मृत्युपत्रात तात्या-वैनींना पालक नेमलं तर जन्मदाते आई-बाप त्या कागदातून पुन्हा पालक होतात.

वैनी म्हणाल्या मला महिनाभर द्या. तात्या वैतागले, पंधरा पूर्ण व्हायची तारीख जवळ येत होती, पण मी त्यांना म्हटलं हा महिना गेला तरी चालेल, घाईनं घेतलेली सही नको. त्या महिन्यात वैनींनी एक अट ठेवली, की पोराच्या नावावर काहीतरी आत्ताच, पक्कं पाहिजे.

ते कसं द्यायचं यावर दोन रस्ते होते. एक, तात्यांच्या तीन एकराची आधी वाटणी करून बाळूचा हिस्सा त्याच्या नावावर करायचा आणि मग दत्तक. थोरला मुलगा उसळला, "तो तिकडचं सगळं घेणार आणि हिकडचं बी?" त्याच्या जागी कुणीही असता तरी हेच म्हणाला असता. दुसरा रस्ता, काकींनी दत्तकानंतर आपल्यातली दीड एकर बाग बाळूला बक्षीस द्यायची. काकी लगेच तयार झाल्या. यात वैनींना जी खात्री हवी होती तीही होती, कारण अज्ञान मुलाची स्थावर मिळकत पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, काकी पालक असल्या तरी त्यांनाही नाही. बाळू अठराचा होईपर्यंत ती दीड एकर कुणीच परस्पर विकू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मी होऊ दिली नाही. थोरल्यानं सुचवलं की मग काकींनी विहिरीचा आपला हिस्सा आमच्या बाबांच्या नावावर करावा, दत्तक देतोय म्हणून. दत्तकाच्या बदल्यात काहीही घेणं-देणं हा कलम 17 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. मुलाला आईनं काही देणं वेगळं आणि देणाऱ्या बापानं मोबदला घेणं वेगळं. विहिरीचा विषय काढायचा असेल तर वर्ष-दोन वर्षांनी, स्वतंत्र व्यवहार म्हणून, योग्य किमतीला काढा असं सांगितलं.

बाळूलाही विचारलं. या कायद्यात मुलाची संमती लागत नाही, पण चौदा वर्षांच्या पोराला न विचारता त्याच्या बापाचं नाव बदलायचं हे मला पटत नाही. त्यानं विचारलं आडनाव तेच राहणार ना, आणि आईला आईच म्हणायचं ना. दोन्हीला हो म्हटलं.

## काय केलं

डिसेंबर 2023 मध्ये, पंधरा पूर्ण व्हायच्या दोन महिने आधी, वस्तीवरच कार्यक्रम झाला. भटजी होते, पण मी भर दिला तो देण्या-घेण्यावर. तात्या आणि वैनी दोघांनी मिळून बाळूला काकींच्या हवाली केलं, तोंडानं बोलून, आणि काकींनी त्याला जवळ घेऊन 'घेतला' म्हटलं. गावातली आणि भावकीतली माणसं बोलावली होती, मुद्दाम आक्काकडच्या नात्यातलेही दोघं. फोटो आणि व्हिडिओ काढले.

त्यानंतर दत्तकपत्र. त्यात कार्यक्रमाची तारीख, जागा, हजर माणसं, काकींना मूल नाही, मुलाचं वय आणि तो अविवाहित आहे, आणि वैनींची संमती वेगळ्या परिच्छेदात त्यांच्या स्वतःच्या सहीनं. लोकांचा समज असतो की कागद म्हणजेच दत्तक, तसं नाही, कागद हा झालेल्या दत्तकाचा पुरावा. पण रजिस्टर झालेला आणि देणारा-घेणारा दोघांच्या सह्यांचा कागद असेल तर कोर्ट दत्तक कायदेशीर झालंय असं धरून चालतं आणि खोटं ठरवायचं ओझं विरोध करणाऱ्यावर जातं. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केलीच. बक्षिसाचा किंवा मृत्युपत्राचा दत्तकपत्रात एक शब्दही घातला नाही.

जानेवारीत बक्षीसपत्र, आणि त्याच महिन्यात काकींचं मृत्युपत्र, उरलेली मिळकत बाळूला आणि पालक म्हणून तात्या-वैनी. मग शाळेचा प्रस्ताव, कारण दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत वडिलांच्या जागी आण्णांचं आणि आईच्या जागी काकींचं नाव लागणं गरजेचं होतं, एकदा बोर्डाच्या सर्टिफिकेटवर जुनं नाव छापलं की पुढची दुरुस्ती फार दमवते. आधार, रेशनकार्ड त्यानंतर.

## निकाल

फेब्रुवारीत आक्काची वकिलामार्फत नोटीस आली. म्हणणं असं की दत्तक हे तिचा हक्क बुडवण्यासाठी केलंय. आम्ही उत्तर दिलं की काकी हयात असताना आक्काचा त्या मिळकतीत कुठलाही हक्क तयारच झालेला नाही, होती ती पुढंमागं मिळेल ही आशा, आणि कलम 12 संरक्षण देतं ते आधीच मिळालेल्या मिळकतीला. त्यानंतर आजपर्यंत दावा आलेला नाही. पण आक्का दिवाळीला आली नाही. तिचं मला वाईट वाटतं, 1998 ला तिनं वडिलांच्यातलं सोडून दिलं आणि आता भावाचंही गेलं असं तिला वाटत असणार, कायद्यात तिची बाजू लंगडी आहे म्हणून तिचं दुखणं खोटं ठरत नाही.

पेन्शनचं लोक विचारतात म्हणून सांगतो. आण्णांची फॅमिली पेन्शन काकींना चालू आहे. काकींच्या नंतर ती बाळूला मिळणार नाही. कर्मचारी गेल्यानंतर त्याच्या विधवेनं दत्तक घेतलेलं मूल केंद्राच्या पेन्शन नियमात 'कुटुंबा'त बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय. वारसा कायद्यात मुलगा आणि पेन्शन नियमात नाही, असं होऊ शकतं.

पालकत्वाची पहिली कसोटी दहावीनंतर लागली. वैनींना वाटत होतं बाळूनं कोल्हापूरला सायन्सला जावं, काकींना तो सांगलीतच घरी राहायला हवा होता. वैनी फोनवर म्हणाल्या, "मी आई असून मला इचारत न्हाईत." कायद्याचं उत्तर त्यांना माहीत होतं, मी परत सांगितलं नाही. शेवटी काकींनी बाळूलाच विचारलं आणि तो सांगलीत राहिला.

## वेगळं काय करता आलं असतं

आण्णांनी हयातीत केलं असतं तर तीन गोष्टी बदलल्या असत्या: बाळू थेट आण्णांचा वारस झाला असता, पेन्शनच्या नियमात बसायची संधी राहिली असती, आणि आक्काच्या मनात कधी आशाच तयार झाली नसती. यासाठी लागलं असतं ते काकींची संमती, तात्या-वैनींचं देणं, एक कार्यक्रम आणि एक रजिस्टर कागद. आण्णांनी निदान दोन पानांचं मृत्युपत्र केलं असतं तरी मिळकतीचा अर्धा गुंता झाला नसता.

वैनींना पहिल्या दिवशीच बोलवायला हवं होतं, घरच्यांनी. दोन बैठका पुरुषांनी जमिनीवर घालवल्या आणि पालकत्वाचा खरा प्रश्न त्यानंतर आला.

आक्काशी आधी बोलावं की नाही यावर आमच्यात मतभेद होते. तात्या म्हणाले सांगितलं की ती मोडता घालणार. मला अजूनही वाटतं काकींनी स्वतः जाऊन तिला सांगायला हवं होतं, नोटीस कदाचित तरीही आली असती, पण तिला ते गावातल्या दुसऱ्या कुणाकडून कळलं नसतं.

काकींच्या मृत्युपत्रातली पालकाची नेमणूक बाळू अठराचा झाला की निरर्थक होईल, तेव्हा ते पुन्हा वाचून घ्यायचं ठरलंय. आणि तात्यांच्या तीन एकराचा प्रश्न उघडाच आहे. आता बाळूला त्यातलं काही द्यायचं असेल तर सरळ मार्ग हा, तात्यांनी आपल्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करायचं. वैनी म्हणतात अर्धा एकर तरी द्या, थोरला म्हणतो नको, तात्यांनी अजून ठरवलेलं नाही.